वाचक ब

संस्थेत तिला सगळे इस्त्रीबाई म्हणत. तोंडावर नुसतं 'बाई', पाठीमागे इस्त्रीबाई; आणि हे तिला ठाऊक आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. नावात वाईट काही नव्हतं. कामच तसं होतं. मोठमोठी शास्त्रज्ञ मंडळी रागाने चुरगळलेली पत्रं घेऊन तिच्या खोलीत येत आणि बाई त्यांच्या चुण्या काढून, घडी घालून परत देई.

खोली कसली, ग्रंथालय आणि झेरॉक्सचं मशीन यांच्या मधला बोळच तो. एक टेबल, एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि भिंतीपलीकडे दिवसभर मशीनची खरखर. पूर्वी बाई शाळेत इंग्रजी शिकवायची. चौदा वर्षांपूर्वी संस्थेने तिला भाषा तपासायला घेतलं, ते आजतागायत.

आता हे पत्राचं प्रकरण काय असतं ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शास्त्रज्ञ पेपर लिहून जर्नलकडे पाठवतो. जर्नलचा संपादक तो दोन-तीन जाणकारांकडे धाडतो. त्यांना म्हणायचं रिव्ह्यूअर. नावं सहसा झाकलेली. झाकलेल्या नावाने माणूस किती स्पष्ट बोलू शकतो ते तुम्ही जाणताच. हे कुठून काढलंत, ते कशावरून म्हणता, हे तर आधीच्यांनी केलंय, असे वीस-पंचवीस मुद्दे येतात. मग पेपरवाल्याने साठ दिवसांत प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवून घ्यायचा, त्याखाली उत्तर द्यायचं, आणि पेपरात काय बदललं ते पान नंबर, ओळ नंबरासकट सांगायचं. भांडायचं, पण हात जोडून. इथे भल्याभल्यांची पंचाईत होते.

एकदा एका डॉक्टरसाहेबांनी उत्तरात लिहिलं होतं, 'रिव्ह्यूअरने पेपर वाचलेलाच नाही.' बाईने ते पुसून लिहिलं, 'हा मुद्दा आमच्या लिहिण्यात पुरेसा ठळक आला नव्हता. तो आता पान सहा, ओळ बारा ते अठरा इथे स्पष्ट केला आहे.' डॉक्टरसाहेब धुसफुसले, पण पेपर छापून आल्यावर पेढे खाल्ल्यासारखं तोंड करून फिरले. काही मंडळी उलटी. रिव्ह्यूअरने चुकीचं सांगितलं तरी मान डोलावून मोकळी. त्यांच्या पत्रात बाई पाठीचा कणा घालायची. नम्र राहा, पण लोटांगण घालू नका, असं तिचं ठरलेलं वाक्य होतं.

आणि एक नियम होता. मजकुराला हात लावायचा नाही. आकडे तुमचे, वाक्यं माझी. तक्ते ती मागायची नाही, आलेख उघडायची नाही. तिला कळायचे नाहीत असं नव्हे, पण सोनाराने कान टोचावे, दात काढू नयेत, असं ती म्हणायची. चौदा वर्षं या नियमाचा तिला फार अभिमान होता. हाच नियम तिला नडायचा होता.

तिचा नवरा याच संस्थेत टेक्निशियन होता. चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला. त्याला सगळे कणमास्तर म्हणायचे, कारण त्याने उभी नोकरी हवेतले परागकण मोजण्यात घालवली. गच्चीवर एक यंत्र असे. ते हवा आत ओढी, आत चिकट पट्टी लावलेलं एक चाक आठवड्यात एक फेरी पुरी करी, आणि हवेत उडणारं जे काय असेल ते पट्टीला चिकटे. दर सोमवारी सकाळी नऊ वाजता कणमास्तर ती पट्टी काढून दिवसागणिक सात तुकडे करी, काचेवर चढवी, कडा नेलपॉलिशने बंद करी आणि मायक्रोस्कोपखाली एकेक कण मोजी. हा गवताचा, हा झाडाचा, हा बुरशीचा. नेलपॉलिश बायकोचं. लग्नात मिळालेल्या सगळ्या बाटल्या त्याने काचांना लावून संपवल्या, असं बाई हसून सांगायची, आणि ते बरंचसं खरं होतं.

त्या मोजणीवर सरांचा पेपर उभा होता. सर म्हणजे विभागप्रमुख. गोड माणूस. कणमास्तरच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा फळं घेऊन घरी आले होते, जमिनीवर मांडी घालून बसले होते. निरोपसमारंभात त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, की दहा वर्षांच्या मोजणीचा मोठा पेपर निघेल तेव्हा आभारात पहिलं नाव मास्तरांचं असेल. कणमास्तरला पदोन्नती मिळाली नव्हती, बक्षीस मिळालं नव्हतं. ते एक वाक्य तो चार वर्षं उराशी धरून बसला होता. 'सरांचा पेपर कुठवर आला गं?' असं महिन्यातून एकदा तरी विचारायचाच, आणि सहज विचारल्यासारखं दाखवायचा.

तो पेपर अखेर जर्नलला गेला आणि रिव्ह्यूअरांच्या मुद्द्यांसकट परत आला. सर स्वतः बाईच्या खोलीत आले. एरवी ते फाईल पाठवून देत. तीन रिव्ह्यूअर होते. पहिला खूश, तिसऱ्याच्या किरकोळ शंका, दुसरा मात्र खट. त्याचा चौथा मुद्दा असा होता: चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या वर्षी गवताचे परागकण एकाएकी वाढलेले दिसतात आणि सातव्या वर्षी एकाएकी उतरतात. हवेत असं होत नाही. मोजणाऱ्यांत फरक होता का, की यंत्रात? खुलासा करावा, जमल्यास त्या वर्षांच्या काही काचा पुन्हा मोजाव्यात.

सरांनी खाली उत्तर लिहिलं होतं. मोजणी दोघांनी केली, वाचक अ आणि वाचक ब. वाचक ब यांच्या मोजणीत कदाचित थोडा फरक पडला असावा, काचा आता पुन्हा मोजण्याच्या अवस्थेत नाहीत, म्हणून ब यांचे त्या वर्षांचे आकडे आम्ही तीस टक्क्यांनी खाली आणले आहेत. सर म्हणाले, उत्तर फार मऊ झालंय, रिव्ह्यूअर पुन्हा चावेल. नम्र ठेवा, पण ठाम करा.

बाईने वाचलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. ब वाईट, म्हणजे अ चांगला. दोन मोजणारे तिला माहीत होते. एक तिचा नवरा, आणि दुसरी छोटी मॅडम. छोटी मॅडम सरांची विद्यार्थिनी; कण ओळखायला तिला कणमास्तरनेच शिकवलं, आणि मग कानामागून आली नि तिखट झाली. आता डॉक्टर झाली होती आणि या पेपरवर तिचं नाव सर्वांत पुढे होतं. मायक्रोस्कोपवर एक डोळा आणि मोबाईलवर दुसरा, असं तिचं मोजणं असतं हे कणमास्तरनेच कधीतरी कुरकुरत सांगितलं होतं. आधी आला तो अ, मागून आली ती ब. इतकं साधं. विचारायची गरजच नव्हती.

खरं सांगायचं तर बाईला थोडी मजाही आली. पेन घेऊन बसावं तशी ती कीबोर्ड घेऊन बसली. 'कदाचित' काढलं. 'थोडा फरक' काढला. आणि लिहिलं: 'रिव्ह्यूअरांच्या बारकाईबद्दल आम्ही आभारी आहोत. वाचक ब यांची मोजणी सातत्याने वाढीव होती, आणि तिच्यावर जशीच्या तशी भिस्त ठेवणं आम्हांला योग्य वाटत नाही. त्याप्रमाणे बदल केला आहे.' रीतच अशी, की उत्तरातलं महत्त्वाचं वाक्य पेपरातही घालायचं, म्हणून तेच वाक्य पान नऊवरही बसवलं. सरांनी ते दोनदा वाचलं. 'वा,' म्हणाले, 'असं वाक्य फक्त तुम्हीच लिहू शकता, बाई.' आणि निघताना दारात थांबून म्हणाले की मास्तरांना नमस्कार सांगा.

संध्याकाळी तिने नमस्कार सांगितला. चहाचे कप मांडता मांडता सगळी हकिकतही सांगितली. एरवी ती कामातलं घरी बोलायची नाही, पण आज राहवलं नाही. तुमच्या त्या लाडक्या शिष्येची मोजणी चुकीची ठरली, म्हणाली. तीस टक्के कात्री लावलीय. मीच लिहिलंय, चांगलं ठणकावून.

कणमास्तर हसला. मग त्याने विचारलं, 'कुठल्या वर्षांची?'

'चौथं, पाचवं, सहावं.'

त्याने कप खाली ठेवला. त्याला हिशेब करायला वेळ लागत नसे, पण आता लागला. 'अगं, ती सातव्या वर्षी आली. पहिली सहा वर्षं मी एकटा होतो.'

बाईला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, काहीतरी चुकतंय तुमचं. तो म्हणाला, नाही चुकत. मग तिला कळलं. पेपरावर नाव छोट्या मॅडमचं, म्हणून अ ती. टेक्निशियन तो ब. शाळेत चौथीतल्या पोरीने विचारला असता असा प्रश्न, 'ब म्हणजे कोण?', तो चौदा वर्षांच्या अनुभवी बाईने विचारला नव्हता. दुसऱ्याच्या गळ्याला दोर लागतोय म्हणून तिने हौसेने गाठ मारली होती, आणि दोर घरातच निघाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि मोजणी वाढीव नव्हतीच, हे त्याहून वाईट. कणमास्तर उठला, कपाटातून जुन्या कागदांची पिशवी काढली. चौथ्या वर्षी गच्चीची दुरुस्ती निघाली होती. पाणी गळत होतं, वरून गच्ची पूर्ण उकरली. यंत्र तिथून हलवून खाली पोर्चच्या स्लॅबवर ठेवावं लागलं, हिरवळीच्या अगदी डोक्यावर. गवताचे कण खाली जास्त मिळतात, उंचावर कमी, हे त्या कामातल्या कोणालाही विचारा. दुरुस्ती रेंगाळली ती तीन वर्षं. कणमास्तरने तेव्हाच सरांना लेखी कळवलं होतं, की जागा बदलली आहे, आकडे वाढतील, तशी नोंद ठेवावी. त्याची कार्बन कॉपी पिशवीत होती. खाली सरांची सही आणि त्यांच्या हातचा शब्द: पाहिले.

बाईला सगळं एका क्षणात उलगडलं. पेपराचा सगळा डौल एकाच गोष्टीवर होता: दहा वर्षं, एकच जागा, एकच उंची. शीर्षकातच होतं ते. जागा हलली होती हे कबूल केलं तर डौल गेला. त्यापेक्षा माणूस चुकला म्हणणं सोपं; तोही निवृत्त, नावाच्या जागी एक अक्षर असलेला. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि सुळाला धार लावायला संन्याशाच्याच बायकोला बसवलं.

'काचा खराब झाल्यात असंही लिहिलंय,' ती म्हणाली.

'खराब कशाने होतील?' कणमास्तर म्हणाला. तो चिडला नव्हता, तेच तिला सोसवेना. 'स्टोअरच्या कपाटात आहेत. खालचे दोन खण. मी स्वतः सील केल्यात.'

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीपेक्षा तासभर आधी संस्थेत पोचली. आधी स्टोअरमध्ये गेली. खालच्या दोन खणांत लाकडी पेट्या होत्या, प्रत्येक पेटीवर त्याच्या बारीक अक्षरात वर्ष आणि महिना. एक काच उजेडाला धरली. कडेचं लाल नेलपॉलिश जसंच्या तसं होतं. मग ती आपल्या बोळात जाऊन बसली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा तिने मजकुराला हात लावला. चौथ्या मुद्द्याचं नवं उत्तर लिहिलं. रिव्ह्यूअरांचा अंदाज बरोबर आहे. त्या तीन वर्षांत यंत्र कमी उंचीवर होतं, ही बाब पेपरात सांगायची राहिली याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. ती वर्षं आता वेगळी दाखवली आहेत, त्यांना वगळून निष्कर्ष पुन्हा तपासला आहे, आणि काचा उपलब्ध असून नमुन्यादाखल त्या पुन्हा मोजता येतील. यातलं तपासणं-बिपासणं अर्थात सरांनी करायचं होतं. पण वाक्यं तयार होती, आणि खोटं बोलायची कोणाला गरज पडणार नाही अशी होती.

ती सरांकडे गेली. कार्बन कॉपीची झेरॉक्स टेबलावर ठेवली, शेजारी नवं उत्तर. सरांनी दोन्ही वाचलं. चष्मा काढून पुसला.

'तुम्हांला माहीत होतं, ब म्हणजे कोण,' बाई म्हणाली.

'म्हणून तर नाव घातलं नाही,' सर म्हणाले, आणि असं म्हणाले की जणू मोठा उपकार केला. कोणाला कळणार आहे, बाई. जगात कोणीही ब म्हणजे मास्तर असं म्हणणार नाही.

'मी म्हणेन. ते म्हणतील.'

सरांचा आवाज एकदम मऊ झाला. बाईंचं उत्तर खरंच चांगलं आहे म्हणाले, त्यांच्याच मनात खात होतं म्हणाले, छोट्या मॅडमला विचारून आकडे पुन्हा चालवून बघतो, दहा दिवस आहेत हातात. 'मास्तरांना सांगा, काळजी करू नका. त्यांची मोजणी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.' हे सांगताना त्यांनी बाईच्या हातावर हात ठेवला.

आणि बाईने विश्वास ठेवला. तुम्ही म्हणाल, एवढं होऊन? पण रागावलेल्या माणसाला नम्र वाक्यं लिहून देता देता ती इतकी वर्षं जगली होती. नम्र वाक्यामागे दुसरं काही असेल हे तिच्या मनाला शिवायचं नाही. घरी जाऊन तिने नवऱ्याला सांगितलं की सर बदलतायत. कणमास्तर बरं म्हणाला. त्या रात्री तो पोटभर जेवला, आणि दुसऱ्या दिवशी केस कापून आला.

पुढे चौकशी केली तेव्हा सर म्हणाले, पाठवलं, सगळं व्यवस्थित झालं. पाठवण्याआधी फाईल शेवटची एकदा बघू का, असं तिने विचारलं होतं. ते म्हणाले, तुमच्या हातून गेल्यावर बघायचं काय उरतं? मग त्यांची पाठ फिरली. ग्रंथालयाच्या जिन्यात भेटले की ते घाईत असत. छोटी मॅडम भाषा तपासायला बाहेरच्या कंपनीकडे फायली पाठवायला लागली. बाईला वाटलं, खरं बोलायला लावलं म्हणून फुरंगटलेत. लागेल थोडे दिवस.

पाच महिन्यांनी पेपर निघाला. बाईला तो सरांनी दिला नाही, छोट्या मॅडमने दिला नाही. ग्रंथालयाच्या फलकावर नवीन प्रकाशनांत लावला होता, तिथे दिसला. तिने तो छापून घेतला, उभ्या उभ्या वाचायचं टाळलं, पिशवीत घातला आणि घरी आणला. मास्तरांसमोरच उघडायचा असं तिने ठरवलं होतं. त्याला इंग्रजी येत होतं, पण शास्त्राचं इंग्रजी वाचताना तो अडखळायचा. तो हात धुऊन आला, समोर बसला. 'वाच,' म्हणाला.

शीर्षक तेच होतं. दहा वर्षं, एकच जागा, एकच उंची. तरी बाई वाचत गेली, मराठी करून सांगत गेली. पान नऊवर ती थांबली. कणमास्तर वाट बघत होता. त्याच्यासाठी तिला ते वाक्य मऊ करता आलं असतं, तेवढी इस्त्री तिच्या हातात नक्कीच होती. तिने केली नाही. वाचून दाखवलं: वाचक ब यांची मोजणी सातत्याने वाढीव होती, आणि तिच्यावर जशीच्या तशी भिस्त ठेवणं आम्हांला योग्य वाटत नाही. एक शब्द इकडचा तिकडे झाला नव्हता. तिने दिलेलं नवं उत्तर कुठेच नव्हतं. रिव्ह्यूअर ठाम भाषेपुढे गप्प बसला असणार. ठाम करायचं काम तिनेच केलं होतं.

शेवटचं पान दाखव, कणमास्तर म्हणाला. तिला दाखवायचं नव्हतं. त्याने स्वतःच कागद ओढून घेतला आणि आभाराची ओळ बोटाने शोधली. तिथे एकच नाव होतं. भाषेच्या काळजीपूर्वक तपासणीबद्दल लेखक बाईंचे ऋणी आहेत.

त्याने ते हळूहळू, अक्षर लावत वाचलं. 'चला,' म्हणाला, 'आपल्या घरातलं एक नाव तरी छापून आलं.'

तो टोमणा असता तर बाईने सोसला असता. तो टोमणा नव्हता. तो खरोखरच काहीतरी चांगलं शोधत होता, आणि त्याला सापडलं ते एवढंच. बाई तिथे बसून रडली. सरांनी केसाने गळा कापला हे खरं, पण केस तिच्या डोक्यातला होता, आणि विंचरून गुळगुळीत तिनेच केला होता. गरज सरो नि वैद्य मरो म्हणणारे जगात पुष्कळ असतात. वैद्याच्या बायकोकडून विष कुटून घेणारे थोडे.

दुसऱ्या दिवशी तिने रजा घातली आणि घरच्या टेबलावर बसून जर्नलच्या संपादकाला पत्र लिहायला घेतलं. इतकी वर्षं पत्रं लिहिली, पण स्वतःच्या सहीचं हे पहिलं. कार्बन कॉपीचा फोटो जोडला. यंत्र कुठल्या तारखेला खाली आलं, कुठल्या तारखेला वर गेलं, काचा कुठल्या कपाटात कुठल्या खणात आहेत, सगळं मुद्देसूद लिहिलं, पान नंबर, ओळ नंबरासकट. सरांबद्दल वाईट एक शब्द लिहिला नाही. नोकरीचं काय होईल, याचा विचार आला होता. पाण्यात राहून माशाशी वैर, आणि निवृत्तीला चार वर्षं बाकी. तो विचार तिने बाजूला ठेवला, कारण त्याच्याकडे बघत बसली असती तर पत्र झालं नसतं.

शेवटचा परिच्छेद तिने तीनदा खोडला. मग लिहिला: पान नऊवरचं वाचक ब यांच्याबद्दलचं वाक्य माझं आहे. ब म्हणजे कोण हे मी लिहिण्याआधी विचारलं नाही. ते माझे पती आहेत, आणि त्यांची मोजणी बरोबर होती.

तिची पत्रं तपासायला कोणी नव्हतं. तिने कणमास्तरला हाक मारली आणि पहिल्यापासून मराठी करून वाचून दाखवलं. सूर कसा वाटतो, विचारलं. तो मान खाली घालून ऐकत होता, मोजताना बसायचा तसाच, एक शब्द सुटू न देता. शेवटच्या परिच्छेदाशी आली तेव्हा त्याने तिला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

'हे राहू दे,' तो म्हणाला. 'वरचं एक काढ.'

'काय?'

'पहिली ओळ. कशाचे आभार मानतेस त्यांचे?'

तिने पाहिलं. खरंच होतं. सवयीने, हात आपोआप चालल्यासारखं, पत्राच्या माथ्यावर तिने लिहून ठेवलं होतं: आपण हा पेपर प्रसिद्ध केल्याबद्दल प्रथम मनापासून आभार. तिने ती ओळ खोडली. मग पत्र पाठवलं, आणि तो चहा टाकायला आत गेला.